समस्त रहिवाशांपैकी एक

माझी वहिनी एका मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर बसायची. फोन उचलला की समोरचा रडतोय, ओरडतोय की देवाचं नाव घेतोय, हिचे प्रश्न ठरलेले: कोण बोलतंय, कुठून, काय झालंय, काय पाहिजे. तिला घाई करताना मी कधी पाहिलं नाही. माझं एकदम उलटं. माझं डोकं आधी तापतं आणि मग तोंड सुरू होतं. दादा म्हणतो, आमच्या घरात एक कुकर आहे आणि एक थर्मास.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नोकरीत हेडक्लार्क होता आणि घरातही हेडक्लार्कच राहिला. गेल्या वर्षी त्याची फुप्फुसं थकली. तेव्हापासून पलंगाशेजारी एक यंत्र असतं. ते हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीवाटे त्याच्या नाकात सोडतं. यंत्र विजेवर चालतं. वीज गेली की वहिनी लगेच कोपऱ्यातला सिलिंडर उघडते आणि नळी त्याला जोडते. सिलिंडर चार-पाच तास पुरतो. पुढे काय, हा विचारही मला सहन होत नाही, म्हणून तर मी बॅग घेऊन त्यांच्याकडे राहायला आले.

आणि वीज तर सारखी जात होती मेली!

दादानं वीज कार्यालयाला तीन पत्रं पाठवली होती. भाषा काय विचारता! ‘उपरोक्त विषयास अनुसरून आम्ही समस्त रहिवासी आपले लक्ष वेधू इच्छितो की, वारंवार खंडित होणाऱ्या वीजपुरवठ्यामुळे नागरिकांची प्रचंड गैरसोय होत असून सदर हलगर्जीपणा अक्षम्य आहे.’ तिन्ही पत्रांना एकच उत्तर आलं: सदर विभागाचा वीजपुरवठा सुरळीत असल्याचे आढळले, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

निकाली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पायात चपला सरकवल्या आणि तडक कार्यालय गाठलं. तक्रारीच्या खिडकीत चष्मेवाला कारकून होता. त्याला मी मनसोक्त झापलं. त्यानं ऐकून घेतलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. “ताई, हे बघा. तुमच्या भागाकडे येणारी मुख्य लाइन महिनाभरात एकदाही बंद पडलेली नाही. पत्रात लिहिलंय सगळ्यांची वीज जाते. मी तपासलं तर सगळ्यांची वीज आहे. मी तरी काय करू?”

घरी येऊन मी दाराशीच सुरू झाले, “खोटारडा मेला! वर तोंड करून म्हणतो वीज गेलीच नाही!”

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, “वन्सं, तो खरं बोलतोय. समोरच्या ओळीत दिवे असतात की. जाते ती आपली आणि आपल्या दोन्ही बाजूंच्या घरांची. एकाच खांबावरून तारा आल्यात आपल्या.”

मी खुर्चीत मटकन बसले. तीन पत्रं झाली, आणि एकातही आमचा खांब नव्हता, तारीख नव्हती, आणि माझा भाऊही नव्हता.

वहिनीनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. सिलिंडर उघडला की ती त्या तारखेवर टिंब करायची, नवा केव्हा मागवायचा ते कळावं म्हणून. दोन्ही शेजाऱ्यांना विचारून तिनं वेळा पक्क्या केल्या, खांबावर रंगवलेला क्रमांक उतरवून आणला, विजेच्या बिलावरून ग्राहक क्रमांक घेतला आणि टेबलाशी बसली. लिहून झाल्यावर कागद दादापुढे ठेवला. त्यानं सवयीनं लाल पेन उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागला. दर ओळीला थांबून श्वास घेत होता.

‘या महिन्यात आमच्या घरची वीज पाच वेळा गेली. ३ तारखेला संध्याकाळी सात ते साडेआठ. ९ तारखेला दुपारी दोन ते चार. १४ आणि १५ला संध्याकाळी, दोन्ही दिवशी तासभर. २१ला सकाळी सहा ते नऊ. दर वेळी आधी दिवे मंद होतात, लुकलुकतात आणि मग जातात. वारा असला की जास्त. या खांबावरच्या तिन्ही घरांत असंच होतं. समोरच्या ओळीत वीज असते.’

“ठीक,” दादा म्हणाला. पुढची ओळ वाचली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. “हे काय? ‘माझे पती ऑक्सिजनच्या यंत्रावर आहेत’? माझ्या फुप्फुसांचा आणि वीज कार्यालयाचा संबंध काय? मी भीक मागत नाहीये. हे काढ.”

“अहो, तो संबंध त्यांना माहीत नाही म्हणूनच तर पत्र लिहायचं,” वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. “समस्त रहिवाशांना श्वास घेता येतोय. तुम्हाला येत नाही. मी काढणार नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणी हेडक्लार्कला नाही म्हटलं होतं. दादानं लाल पेन टेकवलं, आणि तसंच टेकवून तो पुढचं वाचत राहिला, आता मनातल्या मनात. शेवटी मी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

‘यंत्राचा आवाज थांबला की मला लगेच उठावं लागतं. तो थांबलेला मला ऐकू आला नाही तर, या भीतीनं मी झोपत नाही. आमची विनंती अशी: माणूस पाठवून या खांबापासून घरापर्यंतची तार तपासावी. आमच्या घरी असं यंत्र आहे याची नोंद ठेवावी. कामासाठी वीज बंद ठेवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे मी सिलिंडर भरून आणीन. तपासणीत काय आढळलं तेही कळवावं.’

“झोपत नाहीस?” दादा म्हणाला. “केव्हापासून?”

“पहिल्यांदा यंत्र बंद पडलं तेव्हापासून.”

“मला वाटायचं, माझ्या आधी उठतेस.”

दादानं लाल पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडून निळं मागून घेतलं. वहिनीच्या सहीखाली त्यानं स्वतःची सही केली आणि त्या सहीपुढे वळणदार अक्षरात लिहिलं: रुग्ण.

पत्र मीच नेऊन दिलं. चष्मेवाल्यानं उभ्या उभ्या वाचलं, पोच म्हणून प्रतीवर शिक्का मारला आणि मूळ पत्र घेऊन आत साहेबांकडे गेला. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, शपथ.

दुसऱ्याच दिवशी लाइनमन आला. खांबाला शिडी लावून वर चढला आणि तिथूनच ओरडला, “अहो, इथला जोड पार जळालाय! वाऱ्यानं हलला की सुटतो, लोड वाढला की तापतो. पुढची तारही गेलीय. बदलावी लागेल.” दुपारी कार्यालयातून साहेबांचा फोन आला. उद्या सकाळी दहा ते एक वीज बंद ठेवून काम करू, चालेल का? सिलिंडर आहे ना तयार? नोंद केलीय, पुढे कधीही बंद करायची झाली तर असाच फोन येईल. वहिनीनं उत्तरं दिली, फोन ठेवला आणि पदरात तोंड खुपसून रडली. मीही रडले, पण मी काय, कशालाही रडते.

सकाळी ठरल्याप्रमाणे वीज गेली. दादा सिलिंडरवर होता आणि वहिनी त्याच्या पायाशी खुर्ची घेऊन बसली होती. बाराच्या सुमारास काम आटोपलं, पंखा फिरायला लागला, यंत्र घरघरलं. वहिनीनं नळी परत यंत्राला जोडली, सिलिंडर घट्ट बंद केला आणि पुन्हा खुर्चीत टेकली. मी जेवणाची ताटं घेऊन आले तर तिची मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, चक्क घोरत होती.

“वहिनी, जेवता ना...” मी म्हणाले, तर दादानं ओठांवर बोट ठेवलं. मला खुणेनंच चादर आणायला सांगितली आणि ती तिच्या अंगावर घालायला लावली.

“तिला उठवू नकोस,” तो हळू आवाजात म्हणाला. “यंत्राकडे मी लक्ष ठेवतो.”