राहिलेला ओमेगा

मी दौंडच्या कॉलेजात बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. तपासणीच्या दिवशी साहेब मागच्या बाकावर बसले होते, म्हणून जरा जास्तच रुबाबात मी स्प्रिंगला बांधलेल्या ठोकळ्याचं स्थान लिहिलं: A cos ωt. त्याचं डेरिव्हेटिव्ह घेऊन वेग लिहिला: −A sin ωt.

"एकूण ऊर्जा कायम राहते. ये, पडताळून दाखव," मी खुटबावच्या एका मुलीला म्हणालो.

तिनं गतिज आणि स्थितिज ऊर्जेची बेरीज केली आणि थांबली. "सर, ऊर्जा कमीजास्त होतीय."

"घर्षणामुळं होत असेल," मी ठणकावलं.

"पण सर, घर्षण आपण धरलंच न्हाई. वेग काढताना तुमचा ओमेगा राहिला."

तिनं वेग −Aω sin ωt केला. पुन्हा डेरिव्हेटिव्ह घेऊन त्वरण काढलं: −ω² गुणिले स्थान. त्यावरून स्प्रिंगचा स्थिरांक k म्हणजे mω² हे दाखवलं. मग बेरजेतून काळ t गेला आणि ½kA² उरलं, म्हणजे ऊर्जा कायम.

साहेबांनी अहवालात लिहिलं, "शिक्षक मुद्दाम चूक करून विद्यार्थ्यांना विचार करायला लावतात."

प्राचार्यांनी आता ही पद्धत इतर शिक्षकांना शिकवायचं काम माझ्यावर सोपवलंय. त्या मुलीला मी मदतीला बोलावलं, तर ती म्हणाली, "सर, तुम्हाला जमतंय की."