कालचे तीन आकडे

कंपाउंडरची नजर गेली ती मधूनच गेली. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाचे कान दिसत, तोंड दिसत नसे. "बरंच झालं," ते म्हणत, "तोंडं बघण्यासारखी उरलीत कुठे?" असं बोलून बोलूनच त्यांनी ब्रोकरच्या ऑफिसात माणसं दुखावून ठेवली होती.

उभी हयात त्यांची एका डॉक्टरच्या दवाखान्यात औषधं मिसळण्यात गेली. बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची आणि पेशंटला दम द्यायचा, की खुणेच्या वर एक घोट गेला तरी मी जबाबदार नाही. निवृत्तीनंतर हाच स्वभाव त्यांनी शेअर बाजारात आणला. एकच शेअर, तोही एका सिमेंट कंपनीचा. सकाळी घ्यायचा, दुपारच्या आत विकायचा आणि रात्रभर काही जवळ ठेवायचं नाही. मिळकत किरकोळ, पण नातवंडांच्या खाऊला कोणापुढे हात पसरावा लागत नसे.

डोळे गेल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, आता घरी बसा. रस्त्यात पडलात तर आम्ही धावायचं कुठे?"

"माझं डोकं शाबूत आहे. ज्या दिवशी हिशोब चुकेल, त्या दिवशी मी आपणहून खाटेवर बसेन. तोवर अडवायचं नाही."

मुलाने मान्य केलं. अट एकच, सौदा झाला की सरळ घरी यायचं. त्यामुळे बाजार कुठे बंद झाला हे कंपाउंडरना कधी कळत नसे. ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळे, आणि सांगणारी एकच होती, डीलरबाई. ऑफिसात गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी संगणकावर टाकण्याचं तिचं काम. बाजार उघडायच्या आधी काठी टेकत कंपाउंडर तिच्या काउंटरपाशी येत आणि म्हणत, "पोरी, कालचं सांग."

ती तीन आकडे सांगे: काल भाव वर कुठवर गेला, खाली कुठवर आला, बंद कुठे झाला. हाय पाचशे बारा, लो पाचशे, क्लोज पाचशे नऊ. कंपाउंडर मान वर करून पुटपुटत. तिन्हींची बेरीज करायची, तिनाने भागायचं, हा पिव्हट, पाचशे सात. त्याची दुप्पट करून लो वजा केला की वरची पहिली पातळी, पाचशे चौदा. हाय वजा केला की खालची पहिली, पाचशे दोन. भाव पिव्हटच्या वर उघडला तर खरेदीचाच विचार करायचा, पिव्हटपर्यंत खाली येण्याची वाट बघायची, तिथे घ्यायचं आणि वरच्या पातळीला विकायचं. पिव्हट मोडून तीन रुपये खाली गेला तर तोटा घेऊन गप्प सुटायचं. कधी लागे, कधी फसे. फसलं तरी कंपाउंडर हळहळत नसत, कारण हिशोब बरोबर होता.

हे त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण बाकावर शेजारी टायरवाला बसे. टायरचं दुकान गड्यावर सोडून हा गृहस्थ दिवसभर तिथे ठाण मांडून असायचा, आणि कोणीतरी कानात सांगितलेल्या शेअरमध्ये पैसे घालवायचा. एकदा त्याचा सौदा सपाटून आपटला तेव्हा कंपाउंडर भर ऑफिसात म्हणाले, "आंधळा मी आहे, आणि ठेचा तुम्हाला लागतात." सगळे हसले. टायरवालाही हसला, पण त्याच्या मनात ते रुतून बसलं.

काही दिवसांनी तो डीलरबाईच्या कानाशी लागला. उद्यापासून काकांना खरे आकडे सांगायचे नाहीत, आपण भावाच्या आसपासचे मनाचे देऊ. नुसती गंमत. ती आधी नाही म्हणाली. पण टायरवाला ऑफिसचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, मालक त्याला चहा विचारायचा, आणि मालकही म्हणाला, "करा हो, बघू तरी." मग ती गप्प बसली. तिला वाईट वाटलं, हे खरं. त्या वाटण्याचा कोणाला काही उपयोग झाला नाही, हेही खरं.

आठवडाभर खोटे आकडे गेले. कंपाउंडर बेरीज करत, तिनाने भागत, ऑर्डर देत. काही सौदे लागले, काही फसले. अगदी नेहमीसारखं.

मग तो दिवस आला. खरे आकडे होते हाय पाचशे वीस, लो पाचशे आठ, क्लोज पाचशे अकरा. डीलरबाईने टायरवाल्याच्या चिठ्ठीवरचे सांगितले: पाचशे अठरा, पाचशे अकरा, पाचशे सोळा.

"पिव्हट पाचशे पंधरा," कंपाउंडर म्हणाले. "वर पाचशे एकोणीस. उघडला कुठे?"

"पाचशे सोळा."

"मग पंधराला माझे घे, आणि एकोणीसला विकायला लाव."

भाव पंधराला आला, तिथूनच वळला आणि चढत एकोणीसला लागला. कंपाउंडर खुशीत काठी उचलून निघाले. एक नवं गिऱ्हाईक दाराशी होतं, त्याला म्हणाले, "शिका जरा. याला गणित म्हणतात."

"काका, बसा दोन मिनिटं," टायरवाला म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. चिठ्ठी वाचून दाखवली, मग खरे आकडे सांगितले. "करा की बेरीज. खरा पिव्हट तेरा. आज भाव तेराला आलाच नाही. खऱ्या आकड्यांवर तुमचा सौदाच झाला नसता. माझ्या थापेवर कमावलंत तुम्ही, अख्खा आठवडा."

ऑफिस खदखदून हसलं. कंपाउंडरनी मनात बेरीज केली. तेराच येत होते. त्यांनी मान तिरकी केली, कडेने डीलरबाईचा चेहरा दिसतो का पाहिलं. तिने तो स्क्रीनमागे नेला.

"पोरी, खरं का?"

"हो, काका."

दुसऱ्या दिवशी ते आले. सगळ्यांनाच नवल वाटलं. "कालचं सांग," ते म्हणाले. डीलरबाईने या वेळी खरे आकडे सांगितले, अगदी सावकाश: पाचशे चोवीस, पाचशे पंधरा, पाचशे एकवीस.

पिव्हट पाचशे वीस, वर पाचशे पंचवीस. हिशोब नेहमीइतक्याच झटक्यात झाला. शेअर बावीसला उघडून विसाला आला. "काका, घेऊ?" तिने विचारलं. त्यांनी ऑर्डर दिली नाही. भाव वळून वर निघाला. "काका, आईशपथ आज खरे आहेत."

"काल-परवाही तू याच आवाजात सांगत होतीस."

तासाभराने टायरवाला ओरडून म्हणाला, "पंचवीस लागले की हो! तुमची लेव्हल लागली."

"खरंच लागली, की सांगताय?"

परत हशा पिकला. डीलरबाई "लागली, काका" म्हणाली, पण तिचं कोणी ऐकलं नाही. कंपाउंडर भिंतीला हात लावत लावत बाहेर पडले.

घरी सुनेने दार उघडलं. "आज लवकर आलात, बाबा. हिशोब चुकला की काय?"

"नाही, बरोबर होता," ते म्हणाले, आणि काठी तिच्या हातात दिली. "ही माळ्यावर टाक. आता लागणार नाही."