कॉफीला दुबार पेरणी नसते

माझ्या बाबांचा विश्वास दोनच गोष्टींवर होता, मृग नक्षत्रावर आणि स्वतःवर. मृगाने त्यांना पुष्कळदा तोंडघशी पाडलं, पण स्वतःवरचा विश्वास काही ढळला नाही. किन्हीराजाजवळ आमचं काळ्या मातीचं वावर होतं. त्यात कपाशी, ज्वारी आणि तूर. मी एकुलती एक मुलगी, म्हणून शेतकी शिकलेला जावई त्यांनी मोठ्या हौसेने शोधून आणला. तो शिकला नागपूरला आणि नोकरी धरली थेट मलबारच्या डोंगरात, एका इंग्रज साहेबाच्या मळ्यावर. "शेतकी शिकला अन् शेतीतूनच पयाला," असं बाबा गावभर सांगत. मंगरूळपीरच्या बाजारात तर कोणी विचारलं नाही तरी सांगत.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि एका फाल्गुनात, कपाशीची शेवटची वेचणी उरकून, बाबा आमच्याकडे येऊन थडकले. सोबत तुरीच्या डाळीचं गाठोडं, ठेच्याची बरणी आणि पक्का बेत.

"मृगाच्या आंधी दोघायले घेऊन जातो," त्यांनी पाय धुता धुताच सांगितलं. "वावर माह्यानं आता होत नाई."

मला जायचं नव्हतं. तिथे मला करमत होतं, नवऱ्याचा त्या कामात जीव होता. पण त्याची नोकरी अजून कच्चीच होती. साहेबाने त्या वर्षी कॉफीची रोपवाटिका त्याच्याकडे सोपवली होती. त्या रोपांनी पावसाळ्यात एक नवा उतार लावायचा, आणि उतार नीट लागला तर नोकरी कायम, असं ठरलं होतं. म्हणजे आम्ही राहणार की बाबांच्या मागे गाठोडं उचलून जाणार, हे त्या इवल्याशा रोपांवर ठरायचं होतं. बाबांना हे आम्ही सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि ठेचा वाढून घेतला.

मळा डोंगराला धरून वर चढत गेलेला. पायथ्याशी रबर, मध्ये कॉफी, माथ्याकडे चहा. आमच्या ह्यांनी सासऱ्यांना सगळं हिंडवून दाखवलं आणि सासऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी काहीतरी सुधारणा सुचवली.

रबराच्या बागेत पहाटेच जावं लागे, कारण ऊन चढलं की चीक थांबतो. माणसं खोडाच्या सालीचा तिरपा, कागदासारखा पातळ काप काढत आणि पांढरा चीक थेंब थेंब करवंटीत उतरे. सुरी जरा खोल गेली की झाडाला कायमची गाठ पडायची, म्हणून त्यांचे हात फार जपून चालत.

"दूध काढून राह्यले, तं वासरासाठी ठेवता का नाई?" बाबांनी विचारलं.

"मामाजी, लावल्यापासून सहा-सात वर्षं हे झाड काहीच देत नाही. नुसतं सांभाळायचं."

"सात वर्षं?" बाबा चालता चालता थांबले. "तवर आमचं वावर सात डाव पिकते अन् सात डाव बुडते."

चहाकडे गेलो तेव्हा एका तुकड्याची छाटणी झाली होती. हिरवंगार बाजूचं रान, आणि हा तुकडा गुडघ्याएवढ्या काटक्यांचा. बाबांना एकदम गावची आठवण झाली. आमच्याकडे कपाशी संपली की पऱ्हाटी उपटतात, चुलीला सरपण होतं, वावर मोकळं होतं. त्यांनी धोतर खोचलं, दोन्ही हातांनी एक खुंट धरला आणि जोर लावला. खुंट जागचा हलला नाही, बाबा मात्र मागे बसले. चहाचं ते झुडूप त्यांच्या लग्नाच्याही आधीचं होतं. दर काही वर्षांनी असं छाटायचं, मग ते फुटतं, मग आठवड्या-दहा दिवसांनी कोवळा शेंडा खुडत राहायचं. तसं सोडून दिलं तर त्याचं चांगलं झाड होतं.

"मंग होऊ द्या ना झाड," बाबा धोतर झटकत म्हणाले. "कायले त्याले दरसाल पोरगंच ठेवता?"

मी हसू दाबलं. आमच्या ह्यांना ते जमलं नाही.

पण खरा घोटाळा झाला तो रोपवाटिकेत. आमच्या घरामागेच वाफे होते. त्यांत बोटाएवढी रोपं, प्रत्येकाला दोन गोल पानं, आणि वर बांबू-पाल्याचा मांडव. कॉफीला सावली लागते. मोठी झाडंही तिथे उंच झाडांच्या सावलीत वाढवतात, मग पोरांची काय कथा. बाबांच्या हिशेबात मात्र सावली म्हणजे पिकाची वैरीण. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीच्या फांद्या ते दर उन्हाळ्यात तोडत, कारण सावलीतली कपाशी नुसती उंच होते, बोंड धरत नाही.

एके दिवशी हे माथ्यावर चहाकडे गेले होते, मी स्वयंपाकात. बाबा वाफ्यांपाशी गेले. तिथे पाणी घालणाऱ्या बाईला मराठी येत नव्हतं आणि बाबांना मल्याळी. बाबांचा समज असा, की वऱ्हाडी जरा जोरात बोललं की जगात कुणालाही कळतं. साहेबांच्या माणसाचा सासरा सांगतोय म्हणून ती बिचारी मदतीला लागली आणि दोघांनी मिळून सगळा मांडव उतरवला. बाबा घरी येऊन समाधानाने जेवले.

"लेकरं अंधारात कोंडून ठेवले होते," ते म्हणाले. "म्या त्यायले ऊन दाखोलं."

मी हातातलं तसंच टाकून पळाले. पण सकाळपासूनचं ऊन खाऊन पानं मलूल झाली होती. संध्याकाळी हे परतले तोवर त्यांच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. हे वाफ्यापाशी बसून एकेक पान उलटून बघू लागले. मला तर रडूच आलं.

"येवढं काय झालं?" बाबांचा आवाज जरा खाली आला होता. "दुबार पेरणी करा. आपल्याकडं पाऊस दगा देते तं आपन पेरत नाई का दुसऱ्यानं?"

"कॉफीला दुबार पेरणी नसते, मामाजी," हे म्हणाले. "बी हिवाळ्यात पिकल्या फळाचं घ्यायचं. दोन-अडीच महिन्यांत त्याचा जीव जातो. आता कुठं बी नाही. पुढच्या हिवाळ्यात पेरायचं, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात लावायचं. पहिलं पीक त्यानंतर तीन-चार वर्षांनी. मांडव आम्हीही काढतो, पण पावसाच्या तोंडावर, थोडा थोडा."

बाबा खाली बसले. एक दिवस चुकला तर एक हंगाम जातो, हे त्यांना ठाऊक होतं. पण हंगाम गेला तरी पुढच्या मृगाला वावर पुन्हा कोरं होतं, मागची चूक कुणाला दिसत नाही. इथे चूक चार वर्षं पुढे चालत जाणार होती.

माझी जीभ मला आवरली नाही. "झालं ना तुमच्या मनासारखं? आता आम्हाला यावंच लागेल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं.

सकाळी त्यांनी पागोटं बांधलं आणि जावयाला घेऊन साहेबाच्या बंगल्यावर गेले. तिथे काय झालं ते ह्यांनी मला पुढे अनेकदा सांगितलं. बाबा उभ्यानेच बोलले, "मांडव म्या काहाडला. जवायाचा काई कसूर नाई." साहेबाने विचारलं, का काढला? तेव्हा बाबांनी ऊन, सावली, बाभूळ, बोंड यांवर मोठं भाषण दिलं. ह्यांनी त्याचं भाषांतर केलं, "त्यांना वाटलं बरं होईल." साहेब म्हणाला, जगतील ती लावा, मग बघू.

बाबा परत आले आणि त्यांनी रात्रीच बांधून ठेवलेलं गाठोडं सोडलं.

मांडव पुन्हा चढवला, तोही त्यांनीच. झारीने सकाळ-संध्याकाळ पाणी. करपलेली रोपं काढून टाकायची, उरलेल्यांची माती हलक्या हाताने सारखी करायची. दिवसातून कितीतरी वेळा ते वाकून बघत. कॉफीला काही घाई नव्हती. कपाशी कशी, आठ दिवसांत ओळी दाखवते.

"हे वाढून राह्यलं का बसून राह्यलं?" ते विचारत.

"मामाजी, त्याच्याकडे असं डोळे वटारून बघू नका, लाजतं ते," हे म्हणत.

रोहिणी सरत आल्या. मृग तोंडावर आला. मी रोज वाट बघत होते, आज बाबा निघायचं काढतील. ते निघाले नाहीत. पेरणी धाकट्या काकांनी करावी, असा निरोप त्यांनी धाडला. तिफणीवर दुसऱ्याचा हात, हे त्यांच्या हयातीत पहिल्यांदाच घडत होतं. गावात लोकांना वाटलं, म्हातारा आजारी पडला. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल फार माया आली. मी तसं म्हटलं नाही, पुरणपोळी केली.

पावसाच्या तोंडावर मांडव विरळ करायची वेळ आली, तेव्हा बाबा एकेक फांदी हातात धरून विचारत, "काहाडू का?" हे "हो" म्हणाले की मगच खाली टाकत. एका फांदीला एक परवानगी. शेवटी हेच कंटाळले.

निम्मी रोपं जगली. आधी खणून भरून ठेवलेल्या खड्ड्यांत निम्मा उतार लागला, बाबांच्या हातांनीही. उरलेला निम्मा वर्षभर उघडा राहिला. मळ्यावरचे लोक त्याला त्यांच्या भाषेत 'सासऱ्याचा उतार' म्हणू लागले आणि पुढच्या वर्षी तो लागला तरी ते नाव गेलं नाही. मळ्यात एकदा पडलेलं नाव झाडाइतकंच टिकतं.

जायच्या दिवशी गाठोड्याला गाठ मारताना बाबा म्हणाले, "तुमाले नेयाले आलो होतो. पन आता कसं नेऊ? ज्वारी कापली का मानूस मोकया होते. हे लावून ठेवलं, याले कोन पाहीन?"

ह्यांची नोकरी पुढच्या वर्षी कायम झाली. वावर काका बघू लागले.

उतार लावल्याच्या चौथ्या वर्षी बाबांनी अंथरूण धरलं, तेव्हा मी माहेरी गेले. दिवस कपाशी फुटायचे होते. खाटेवरून दाराबाहेर सगळं वावर पांढरं दिसत होतं.

"माहं वावर कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"चांगलं फुटलं, बाबा. काकांनी दोन वेचण्या केल्या."

"हे नाई. तठचं."

मी त्यांच्या उशाशी बसले. "यंदा उताराला पहिलं फूल आलं होतं. पांढरंशुभ्र. झाडांवर फळंही दिसायला लागली."

त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. मग हसले, अगदी मंगरूळपीरच्या बाजारात जावयाची तक्रार सांगताना हसत तसे.

"म्हंजे आता तुमी काई येत नाई," ते म्हणाले, आणि मला पाणी मागितलं.