ओढ्यातून हलवलेला बैल

बिबट्याने आमचा बैल ओढ्यात मारला. घरात लिहिता येणारी मी, सून, एकटीच. वनखात्याकडे भरपाईचा अर्ज मीच लिहायला घेतला.

पंचनाम्याला आलेल्या वनरक्षकाने विचारलं, "बैल जागेवरून हलवलात?"

"हलवला," सासरे म्हणाले. "सगळा पाडा त्या ओढ्याचं पाणी पितो."

"मग भरपाई नाय मिळायची. ओढ्यातच पडला हाय असं लिवा, मी पण तसंच लिवतो."

सासरे मला म्हणाले, "झालं तसं लिव, पोरी."

मी तसंच लिहिलं. पावसाळ्यानंतर नकाराचं पत्र आलं. मी ते वाचून दाखवलं. सासरे "बरं" म्हणाले आणि शेजाऱ्याचा बैल मागायला गेले. मला रडू आलं नाही. मी पीठ मळायला घेतलं.