रविवारी लागू पडणारी गोळी

शिलाईवाल्या मावशींना पार्किन्सन होऊन सहा वर्षं झाली, पण स्वतःची खोली सोडायची नाही म्हणजे नाही! उजवा हात मांडीवर स्वस्थ ठेवला की थरथरायचा, कापडाला लावला की बराचसा शांत व्हायचा. मग असा हात घेऊन लेकीच्या घरी पाहुणीसारखं बसून कोण राहील?

गोळ्या आठ, बारा, चार आणि रात्री आठला. गोळी लागू पडली की मावशी आंघोळ, स्वयंपाक, काजबटणं सगळं एकट्या करायच्या. उतरली की अंगाचं लाकूड. दारापाशी तर पाय जमिनीला चिकटायचे. महिनाभर बाराची गोळी गुणच देईना. दोनदा पडता पडता वाचल्या. लेक म्हणाली, "आई, पुरे झालं. या महिन्याअखेर माझ्याकडे चल."

तिथंच मावशींच्या मनात पाल चुकचुकली. दुपारची गोळी लेकच द्यायची. रविवारी ती यायची नाही, आणि रविवारी गोळी कशी झक्कास लागू पडायची! म्हणजे ही बया गोळी बदलते. मला पांगळी करून उचलून नेणार. अगं बाई, पोटची पोर!

एक गोळी त्यांनी पदरात लपवली. मशीनच्या दिव्याखाली जुन्या गोळीशी ताडून पाहिली. रंग तोच, आकार तोच. तरी संशय हटेना. संशयाला औषध नाही म्हणतात ते काय खोटं?

दवाखान्यात लेक फाइल आणायला गेली, तेवढ्यात मावशींनी डॉक्टरीणबाईंच्या कानाशी तक्रार केली. आजारानं आवाज बसलेला. बाईंना नीट ऐकू आलं नाही.

"मुलगी गोळी बदलते म्हणता?" बाईंनी मोठ्यानं विचारलं.

लेक फाइल घेऊन दारातच उभी होती.

बाईंनी विषय हसण्यावारी नेला नाही. "बाराच्या गोळीबरोबर काय घेता?"

"दूध," लेकच बोलली. "ताकदीची पावडर घालून, मोठा पेलाभर. महिन्यापूर्वी सुरू केलं. वजन उतरलंय तिचं."

"आणि रविवारी?"

"नुसतं पाणी," मावशी म्हणाल्या. पावडर ढवळायचा कंटाळा, दुसरं काय!

"मग बरोबर. त्यातली प्रथिनं गोळीच्या आड येतात. गोळी पाण्याबरोबर, जेवणाआधी अर्धा तास. दूध नंतर तासाभरानं. वेळा पाळा. घर सोडायची घाई नको."

मावशी जिंकल्या. खोली राहिली. पण बाहेर बाकावर लेक फाइलीचे कागद लावत बसली, मान वर करेना. डोळ्यांतलं पाणी टपकन कागदावर पडलं.

"चुकलं माझं," मावशी पुटपुटल्या.

"काय? ऐकू येत नाही, आई."

बाकांवर दहा-बारा माणसं होती. लाजेनं कान तापले. मावशींनी छाती भरून श्वास घेतला आणि त्या ओरडल्या, "मी तुझ्यावर संशय घेतला! चुकलं माझं!"

सगळ्यांनी माना वळवल्या.