पसरलेले ठिपके

साकोलीच्या मोबाइल टॉवरखाली, तिथल्या तंत्रज्ञाने बसवलेला टॉवरचा रेडिओ मी तपासत होतो. माझ्या तपासणीच्या मशीनच्या पडद्यावर नेटके दिसायला हवेत ते ठिपके कमानीसारखे ताणलेले. सिग्नल वाढवला तरी पसारा तेवढाच. म्हणजे रेडिओला ठेका देणाऱ्या ऑसिलेटरची फेज डळमळतेय, शेजारशेजारच्या लहरी, सबकॅरियर, एकमेकांत सांडताहेत. यानं जुनाच माल बसवलाय, माझी खात्री झाली. त्याचे आधीचे दोन रेडिओही मी असेच नापास केले होते.

"किती दिवस फसवशील?" मी ओरडलो.

"मलेच कायले चोर समजून राहिले, साहेब? तुमचं मशीनबी पाहा ना."

चिडूनच मी रेडिओ काढून, पडताळणीसाठी ठेवलेल्या खात्रीच्या यंत्राचा स्वच्छ सिग्नल माझ्या मशीनला जोडला. ठिपके तसेच ताणले गेले. डळमळत होता तो माझ्याच मशीनमधला ऑसिलेटर.

तो केबल गुंडाळत राहिला. त्या दोन रेडिओंचा त्यानं विषयसुद्धा काढला नाही.