पाठमोरी गाडी

केडगावच्या आमच्या छोट्या ऑफिसात मोबाईलवरचा शेतीचा गेम चालला होता. चित्रं माझी. उंचावरून तिरपं दिसणारं शिवार आणि त्यात उसाची बैलगाडी. गाडी जिकडे वळेल तिकडचं चित्र दिसायला हवं, म्हणून आठ दिशांची आठ चित्रं काढली होती. त्यातलं स्क्रीनवर सरळ वर जाणाऱ्या गाडीचं माझं सगळ्यात लाडकं. त्यात गाडीवानाची नुसती पाठ दिसते, आणि ती माझ्या वडिलांची, आबांची होती. लहानपणी उसाच्या मोळ्यांवर बसून मी त्यांच्यामागे कारखान्यावर जायचे.

गाडी रस्त्यावर सोडली आणि सगळा विचका झाला. तिरपी जाता जाता मध्येच आडव्या दिशेच्या बैलांचं चित्र यायचं, पुन्हा तिरपं, पुन्हा आडवं. मालक वैतागले. "रस्ते तिरपेच आहेत ना? मग चार तिरपी चित्रं ठेवा, बाकीची काढून टाका. संध्याकाळी पुण्याची माणसं बघायला येतायत."

म्हणजे आबाही गेले. माझं डोकंच फिरलं.

कोड लिहिणारी मुलगी सोनईची. मी तिच्यावरच खेकसले, "चित्रांत काय खोट आहे, सांग ना."

"चित्रं झ्याक हायेत ताई. आधी कोन बघू."

तिने चालत्या गाडीवर तिच्या दिशेच्या कोनाचा आकडा दिसेल असं केलं. पूर्ण गोलाचे आठ कप्पे, एकेका चित्राला एक, प्रत्येक पंचेचाळीस अंशांचा. आडव्या चित्राचा कप्पा साडेबावीसला संपतो, तिथून तिरप्याचा सुरू होतो. आमचा रस्ता होता साडेसव्वीसच्या आसपास, म्हणजे दोन कप्प्यांमधल्या बांधाला अगदी लागून. खडबडीत वाटावं म्हणून दिलेला हेलकावा बसला, की गाडी बांधाच्या अलीकडे, आडव्याच्या कप्प्यात.

"शेताचा चौकोन तुमी रुंदीच्या निम्म्या उंचीचा काढलाय ना?"

"तसाच काढावा लागतो, तरच तिरपं दिसतं."

"व्हय, पन त्यात दिशा बी दबली. दबायच्या आधी ती पंचेचाळीस हुती."

मग तिने एकच ओळ बदलली. कोन काढण्यापुरतं गाडीचं उभं सरकणं दुप्पट धरलं. गाडीची चाल होती तीच राहिली. आकडा पंचेचाळीसपाशी आला, कप्प्याच्या मधोमध. आता हेलकावे बसले तरी बैल तिरपेच. मी दोन दिवस ब्रश घेऊन बैलांच्या शिंगांशी झटत होते, आणि ही पोरगी चहा निवायच्या आत मोकळी झाली. खरंच, तिचा मला लई अभिमान वाटला.

तिने गाडी रस्त्यावरून काढून शेतातून सरळ वर सोडली. आबांची पाठ डुलत डुलत निघाली. मालक बघत राहिले आणि म्हणाले, "आठही राहू द्या."

तेवढ्याचा व्हिडिओ करून मी घरी पाठवला. थोड्या वेळाने आबांचा फोन आला.

"गाडी आपलीच हाय," ते म्हणाले. मग, "मी एवढा वाकून बसायचो व्हय गं?"